आयसीयूतल्या फॅमिली मीटिंगची नोट: या चुका टाळा

रात्री अडीचला नर्सचा फोन येतो, पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलंय, युरीन जवळपास बंद आहे. ड्युटीवरचा रेसिडेंट धावत येतो, फाइल उघडतो आणि संध्याकाळच्या मीटिंगची नोट वाचतो: 'नातेवाईकांना कंडिशन समजावली, प्रोग्नोसिस पूअर, डीएनआर.' मग आता डायलिसिस करायचं का? या ओळीत त्याचं उत्तर नाहीये. मी स्वतः त्या रेसिडेंटच्या जागी होतो, आणि शेवटी घरच्यांना झोपेतून उठवून जे संध्याकाळी रडत-रडत ठरवलं होतं तेच परत विचारावं लागलं, ते अजून मनातून गेलेलं नाही.

पहिली चूक इथेच होते, डीएनआर लिहिलं की बाकीचं आपोआप कळेल असं आपण धरून चालतो. डीएनआरचा अर्थ एवढाच की हृदय थांबलं तर सीपीआर करायचा नाही. डायलिसिस, अँटिबायोटिक, व्हेंटिलेटर, बीपीची औषधं याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही, पण घाईत कोणी तो 'आता काही करायचं नाही' असा वाचतो आणि कोणी 'सीपीआर सोडून सगळं' असा. म्हणून प्रत्येक उपचाराचं नाव घेऊन लिहा, काय चालू ठेवायचं, काय नवीन सुरू करायचं नाही आणि कशावर अजून ठरलेलं नाही. हे तिसरं लोक लिहीतच नाहीत, आणि रात्री नेमकं तेच अडतं.

आता एक केस घेऊ. ७४ वर्षांचे काका, आधीपासून सीओपीडी, न्यूमोनियातून सेप्टिक शॉक, व्हेंटिलेटरवर सहावा दिवस, नॉरअॅड्रेनालिन चालू, किडन्या बिघडत चाललेल्या. मीटिंगला काकू आणि मोठा मुलगा समोर, मुलगी फोनवर. काकू म्हणाल्या, "ते नेहमी म्हणायचे, मला मशीनवर ठेवू नका." नोटमध्ये उतरलं काय तर 'नातेवाईकांना मशीन नको.' पण कुठलं मशीन? काकूंच्या डोक्यात डायलिसिस होतं, कारण काकांनी ते वाक्य भावाचं डायलिसिस बघून म्हटलं होतं, आणि मुलाला वाटलं व्हेंटिलेटर काढायचं चाललंय, तो बाहेर जाऊन बहिणीशी भांडला. वाक्य आहे तसं, ज्याने म्हटलं त्याच्या नावावर लिहायचं आणि तिथेच विचारायचं, "म्हणजे नक्की कशाबद्दल म्हणायचे ते?" आणि 'नातेवाईकांना नको' असं तर लिहूच नका, कारण प्रश्न काकांना काय पटलं असतं हा आहे, निर्णयाचं ओझं पोरांच्या डोक्यावर जायला नको.

प्रोग्नोसिसचंही तसंच. 'पूअर' लिहून भागत नाही, समोर जे शब्द वापरले तेच लिहा: वाचण्यापेक्षा दगावण्याची शक्यता जास्त आहे, वाचले तरी बहुतेक गळ्यातून नळी लागेल आणि घरी रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागेल, नक्की किती दिवस ते आत्ता सांगता येत नाही. शेवटचा भाग कमीपणा वाटून गाळू नका. आणि खाली त्यांना काय समजलं ते त्यांच्या भाषेत. 'समजलं असं म्हणाले' याला काही अर्थ नाही, मान सगळेच डोलावतात. त्या मुलाला "घरी धाकट्या भावाला काय सांगाल?" विचारलं तर म्हणाला, "बाबा आठवड्यात घरी येतील." म्हणजे अजून पोचलेलंच नव्हतं, मीटिंग परत मागे न्यावी लागली, आणि हेही नोटमध्ये आलं पाहिजे.

'दोन-तीन दिवस बघू' ही अजून एक जागा जिथे घोळ होतो. काय बघायचं तेच लिहिलेलं नसतं, मग दोनाचे दहा होतात. काकांच्या वेळी दुसऱ्यांदा नीट लिहिलं ते साधारण असं:

व्हेंटिलेटर, अँटिबायोटिक, नॉरअॅड्रेनालिन ७२ तास चालू. डायलिसिस नाही, पोटॅशियम वाढलं तर औषधाने उपचार. सीपीआर नाही. ट्रेकिऑस्टॉमीवर ठरलेलं नाही. दम लागणं, वेदना, अस्वस्थपणा यासाठी औषध कायम. सुधारणा म्हणजे नॉरअॅड्रेनालिन निम्म्यावर, व्हेंटिलेटरवरून द्यावा लागणारा ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या खाली, झोपेचं औषध बंद केल्यावर हाक मारली की डोळे उघडणं. यातलं काहीच झालं नाही तर आधार काढून फक्त आरामावर भर द्यायचा का, यावर मंगळवारी सकाळी ११ ला परत बोलायचं, मुलगी प्रत्यक्ष येणार. रात्री काही झालं तर आधी मोठ्या मुलाला फोन.

वर तारीख, वेळ, कोण हजर होतं, त्यांचं पेशंटशी नातं, आणि आपल्याकडून कोणते डॉक्टर, कोणती नर्स. नर्सचं नाव सोडू नका, कारण मीटिंगनंतर घरचे खरे प्रश्न तिलाच विचारतात. नंतर कोणाचं मत बदललं तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवी तारीख-वेळ टाकून का बदललं ते लिहायचं, आणि ऑर्डर शीटवरही त्याच वेळी बदल करायचा, नाहीतर नोट एक सांगते आणि ऑर्डर दुसरंच.

या नोटनंतर दुसऱ्या रात्री काकांचं पोटॅशियम वाढलं. रेसिडेंटने नोट वाचली, कॅल्शियम आणि इन्सुलिन-ग्लुकोज दिलं, मुलाला फोन केला. तो म्हणाला, "हो, हे बोललो होतो आपण, मी येतो."