मोटर त्याच जागी पुन्हा पुन्हा जळते? वायंडिंगच्या आधी स्टॅम्पिंग बघा, या चुका टाळा

"भाऊ, मोटर तपी ऱ्हायनी," म्हणत चोपड्याकडचा एक केळीवाला शेतकरी दुकानात आला, तेव्हा त्याची पाच एचपीची मोनोब्लॉक एकाच वर्षात तिसऱ्यांदा जळालेली होती. आधीची दोन वायंडिंग दुसरीकडे झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, काम वाईट नव्हतं. तार चांगली, टर्न बरोबर. दोन्ही वेळा इन्सुलेशन तपासणारा मेगर चांगला आला होता आणि तिन्ही फेजचा नो-लोड करंट 3 अँपिअरच्या आसपास सारखा होता, असं तो सांगत होता. तरी जळालेली कॉइल दर वेळी टर्मिनल बॉक्सच्या खालच्या त्याच दोन-तीन स्लॉटमधली. तांबं असं एकाच जागी रुसत नाही. तिथे लोखंडात काहीतरी बिघडलेलं असतं.

वायंडिंग ज्यात बसतं ते स्टेटरचं लोखंड, म्हणजे कोअर, अखंड का नसतं, ते आधी बघू. वायंडिंगला 50 हर्ट्‌झचा करंट दिला की कोअरमधलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं. बदलतं क्षेत्र जसं तारेत व्होल्टेज तयार करतं, तसंच ते लोखंडातही करतं, कारण लोखंडातूनही वीज वाहते. मग आतल्या आत गोल फिरणारे करंट सुरू होतात. हेच एडी करंट. ते काही काम करत नाहीत, नुसते तापवतात. म्हणून कोअर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांचा, म्हणजे स्टॅम्पिंगचा, रचतात आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा पातळ थर असतो. करंटला एका पत्र्यातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या अरुंद गल्लीतच घुटमळावं लागतं. दोन पत्र्यांमधलं व्होल्टेज अगदी किरकोळ असतं, म्हणून तो थर इतका पातळ चालतो. पण म्हणूनच तो सहज खराबही होतो.

खरी मेख अशी की एडी लॉस जाडीच्या वर्गाने वाढतो. दोन पत्रे एकमेकांना चिकटले, तर त्या जागी जाडी दुप्पट आणि दर किलोमागे उष्णता चौपट. दहा चिकटले तर हिशेबाने शंभरपट. प्रत्यक्षात इतकी होत नाही, पण शेजारच्या कॉइलचं इन्सुलेशन भाजायला त्याहून कितीतरी कमी पुरते.

पहिली चूक: कोअर आगीत टाकणं

जुनी तार निघत नाही म्हणून स्टेटर पऱ्हाटीच्या जाळात ठेवतात, नाहीतर गॅस बत्तीने एका बाजूने भाजतात. जुनं वॉर्निश जळतं, तार सुटते, काम पटकन होतं. पण पत्र्यावरचा थरही त्याच उष्णतेत जातो. वॉर्निशसारख्या सेंद्रिय थरासाठी सुमारे 370 अंशांच्या वर जायचं नाही, असा नियम धरतात. जाळात थर्मामीटर कुणी लावत नाही, पण एक खूण आहे: अंधारात लोखंड लालसर दिसलं, तर ते 500 च्या पुढे गेलेलं असतं. तिथून परतीची वाट नाही.

सरळ रस्ता असा की एका बाजूची कॉइलची टोकं कटरने उडवा, बेताने सगळीकडे सारखी ऊब द्या आणि दुसऱ्या बाजूने तार ओढा. वेळ जातो, हात दुखतात, पण कोअर राहतो.

दुसरी चूक: बोअरला ग्राइंडर लावणं

आमच्या या मोटरीत हेच झालं होतं. कधीतरी बेअरिंग ढिलं झालं, रोटर स्टेटरला घासला, आणि कुणीतरी तो ओरखडा ग्राइंडरने 'साफ' केला. बोअर, म्हणजे रोटर फिरतो ते स्टेटरचं भोक, चकचकीत झाला, पण पत्र्यांच्या कडा एकमेकांवर सारवल्या गेल्या. नुसत्या आतल्या बाजूने कडा जुळल्या तर करंटला मोठा फेरा मिळत नाही. पण स्टॅम्पिंग एकत्र धरायला कोअरच्या पाठीवर बऱ्याचदा वेल्डिंगची रेघ असते, या मोटरीतही होती. पुढून सारवण, मागून वेल्डिंग, की मधल्या लोखंडाभोवती पूर्ण सर्किट तयार.

हे क्लॅम्प मीटरवर का दिसत नाही? समजा या डागात 80 वॅट जळतायत. 415 व्होल्ट थ्री फेजवर 80 वॅट म्हणजे 0.11 अँपिअर. त्यात नो-लोडचे 3 अँपिअर बहुतांश मॅग्नेटायझिंग, म्हणजे वेगळ्या फेजचे. त्यामुळे बेरीज सरळ होत नाही आणि आकडा जेमतेम दुसऱ्या दशांशात हलतो. मेगर तर तार आणि बॉडी यांच्यामधलं मोजतो, पत्र्यापत्र्यातलं नाही.

मग तपासायचं कसं

रिकामा कोअर बॉडीतून काढला, बोअरमधून आत-बाहेर असे 4 स्क्वेअर एमएम तारेचे 20 वेढे दिले. बाहेरचा व्यास 180 मिमी, बोअर 110, म्हणजे एका बाजूला 35 मिमी लोखंड. त्यातली स्लॉटची खोली 18 वजा केली की पाठीचं लोखंड 17 मिमी. लांबी 125 मिमी, त्यातलं खरं लोखंड 95 टक्के धरलं, तर क्षेत्रफळ सुमारे 2020 चौरस मिमी, म्हणजे 0.00202 चौरस मीटर. सूत्र एकच, त्यात f म्हणजे फ्रिक्वेन्सी 50, N वेढे, B लोखंडातली चुंबकीय घनता आणि A हे क्षेत्रफळ:

V = 4.44 × f × N × B × A

B = 1.3 टेस्ला घेतलं तर एका वेढ्याला 0.58 व्होल्ट, 20 वेढ्यांना साधारण 12. म्हणजे 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, फक्त तो 15-20 अँपिअर देणारा हवा. मध्ये वॅटमीटर लावा. तारेत स्वतःच्या पाच-सात वॅटचा लॉस होतो, तो वजा करा.

या मापाच्या कोअरमध्ये पाठीचं लोखंड आठेक किलो भरतं. साधारण दर्जाच्या पत्र्याला मी 35-40 वॅट अपेक्षित धरले होते, मीटरने 95 दाखवले. दहा मिनिटांनी टेंपरेचर गन फिरवली. बाकी कोअर आठ अंश वाढला होता. टर्मिनल बॉक्सखालची दोन बोटांची पट्टी तीस अंशांनी.

तिसरी चूक: सगळा दोष पत्र्यांच्या जाडीला देणं

पत्रे पातळ केले की एडी लॉस घटतो, हिस्टेरिसिस लॉस नाही. हिस्टेरिसिस म्हणजे सेकंदाला 50 वेळा लोखंडाला एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने चुंबकित करण्याची किंमत. लोखंड अडून बसतं आणि ती अडवणूक उष्णता होते. तिथे उपयोग सिलिकॉनचा आणि नीट केलेल्या उष्णोपचाराचा. सिलिकॉनने पोलादाचा विजेला होणारा विरोधही वाढतो, म्हणजे एडी करंटही कमी होतो. उलट, दाते हातोडीने ठोकून सरळ केले की पोलादात ताण राहतो आणि हिस्टेरिसिस वाढतो. आणि तार वाचवायला दहा टक्के टर्न कमी टाकले तर फ्लक्स अकरा टक्के वाढतो. मग दोन्ही लॉस वाढतात, मॅग्नेटायझिंग करंट तर त्याहून जास्त उसळतो.

त्या मोटरीचं पुढे असं झालं. सारवलेल्या कडा बारीक बरने हलकेच खरवडल्या, चिकटलेले पत्रे पातळ पात्याने सुटे केले, फटीत अभ्रकाचे पातळ तुकडे सरकवले आणि वर पातळ वॉर्निश सोडलं. वाळल्यावर पुन्हा वेढे दिले: 46 वॅट, आणि ती पट्टी बाकीच्यांपेक्षा जेमतेम चार अंश वर. मग वायंडिंग भरलं. डाग एवढाच होता म्हणून हे जमलं. सगळा कोअर जाळात भाजलेला असता, तर असे खरवडायला पत्रे किती सुटे करणार? तिथे मी वायंडिंग घेतच नाही, दुसरा कोअर आणायला सांगतो.