हॉस्टेलमधलं स्किनकेअर: उसन्या ट्यूबपासून ओल्या टॉवेलपर्यंत, या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या हॉस्टेलांत पावसाळ्याच्या तोंडावर नवी मुलं-मुली राहायला येतात आणि महिन्याभरात चेहऱ्याच्या तक्रारी सुरू होतात. दमट हवा, न वाळणारा टॉवेल, घरच्यापेक्षा वेगळं पाणी आणि बाथरूमच्या खिडकीत सात-आठ जणींच्या बाटल्या. आपलं किट लहान आहे म्हणून काही बिघडत नाही, चार वस्तूंत छान भागतं. बिघडतं ते बहुतेक वेळा खिडकीतून उचललेल्या पाचव्या वस्तूमुळे.

रूममेटची पांढरी ट्यूब

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. घडतं ते साधारण असं. पहिल्या वर्षाच्या एखादीला कपाळावर पुटकुळ्या येतात. रूममेट म्हणते, "अगं, माझं क्रीम लाव, दोन दिवसांत जातंय बघ." आणि खरंच जातं! लाली उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो, आठवड्याभरात मैत्रिणी विचारायला लागतात की काय लावतेस. मग ती स्वतःची ट्यूब आणते आणि रोज रात्री लावते. गणपतीला घरी जाताना ट्यूब खोलीवरच राहते. चार दिवसांत चेहरा लाल होतो, पाण्यानेही चुरचुरतो, उन्हात गेलं की भाजल्यासारखं वाटतं आणि गालांवर एकसारख्या लाल पुटकुळ्या उठतात. परत येऊन तीच ट्यूब लावली की सगळं शांत. झालं, आता तिच्याशिवाय चालेनासं झालं.

अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं बारीक अक्षरांत मागे छापलेली असतात. 'गोरेपणाचं क्रीम' म्हणून हातोहात फिरणाऱ्या काही ट्यूबमध्ये मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. ही औषधं वाईट नाहीत. ठरावीक आजारावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यावर ती उत्तम काम करतात. पण चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे रोज लावली तर ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते. पाकिटावर लाल उभी रेघ किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असेल, तर ती वस्तू उसनी घ्यायची नाही. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भानगड टळते.

दोन-चार दिवसच लावलं असेल तर थांबवा आणि फक्त साधं मॉइश्चरायझर लावा. महिनाभर किंवा जास्त लावलं असेल तर मात्र एकदम बंद करून सोसत बसू नका. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. ट्यूब बरोबर न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. हळूहळू कसं सोडायचं ते तेच ठरवतील. चेहरा पूर्वपदावर यायला काही महिने लागू शकतात, त्यामुळे मध्येच घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडायची नाही.

हीच ट्यूब जांघेतल्या किंवा कमरेवरच्या गजकर्णावर लावणं ही तिची जुळी चूक. खाज थांबते, कडा पुसट होतात, आणि आतून बुरशी पसरत जाते. मग तो चट्टा गजकर्णासारखा दिसतही नाही, आणि बरा करायला जास्त वेळ लागतो.

प्रत्येक पुटकुळीला मुरूम समजणं

कोकणातल्या घामट हवेत हा घोळ फार होतो. मुरूम लहानमोठे असतात, त्यांत काळी किंवा पांढरी टोकं दिसतात, ते फारसे खाजत नाहीत. याउलट कपाळावर, केसांच्या कडेने, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक दाणे असतील आणि घाम आला की खाजत असतील, तर ते बुरशीमुळे असण्याची शक्यता जास्त. त्यावर मुरमाचं औषध चोळून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवून बुरशीवरचं औषध घ्या.

या दाण्यांना खाद्य पुरवतं ते डोक्यावरचं खोबरेल. आईने दिलेली बाटली संपवायची म्हणून रोज रात्री तेल थापलं की ते उशीवर आणि उशीवरून कपाळावर येतं. तेल न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. चेहऱ्याला तर खोबरेल नकोच. भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना घरचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, मात्र खुशाल लावा. त्याचा छोटा गोळा डबीत मावतो आणि सांडत नाही.

ओला टॉवेल, खारट पाणी

पावसाळ्यात जाड टॉवेल दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि मग कुणाचातरी कोरडा टॉवेल ओढला जातो. गजकर्ण तिथूनच खोलीभर फिरतं. एक सुती पंचा घ्या, कापून दोन तुकडे करा, एक चेहऱ्याला आणि एक अंगाला. पंख्याखाली रात्रीत वाळतात. वस्तरा, काजळ, लिप बाम ही तर मागायची वस्तूच नाही, मग मैत्री कितीही घट्ट असो.

खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही, आणि चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा तरी बुळबुळीत लागतो. ही घाण राहिली समजून पुन्हा साबण चोळला जातो. अशा पाण्यात साबणाची वडी सोडून सौम्य फेसवॉश वापरा, आणि शेवटी पेलाभर पिण्याच्या पाण्याने चेहरा धुवा. धुणं दिवसातून दोनदाच. मधे घाम आला तर नुसतं पाणी.

मग किटमध्ये काय ठेवायचं?

सौम्य, बिनवासाचा फेसवॉश. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. आणि मुरूम असतील तरच बेंझॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं जेल. बरण्या घेऊ नका, ट्यूबच घ्या. ओली बोटं आत जात नाहीत आणि कुणी 'जरासं' काढून घेतलं तरी तेवढ्यावर निभावतं. चारही ट्यूब चेन असलेल्या पाऊचमध्ये बसतात. पाऊच खोलीत ठेवायचा, अंघोळीला जाताना फक्त फेसवॉश न्यायचा.

पैसे वाचवायचे तर सनस्क्रीनवर वाचवू नका. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे अंदाजे एक ग्रॅम लागतं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून दीडेक महिना पुरते. तुमची चार महिने पुरत असेल, तर तुम्ही ते लावतच नाही आहात. ढगाळ दिवशीही लावा, विशेषतः जेल चालू असेल तर.

जेल आधी जबड्याखाली तीन-चार रात्री लावून बघा. आग झाली नाही तर वाटाण्याएवढं, एक रात्र सोडून, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावा. थोडी कोरडी सालं निघणं चालेल. सूज आली किंवा खाज सुटली तर थांबवा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात कंटाळून शेजारणीची ट्यूब उघडली जाते. आणखी एक, हे जेल कपड्याचा रंग उडवतं. उशीला जुना पांढरा अभ्रा घाला, आणि रूममेटच्या नव्या चादरीवर झोपून गप्पा मारायच्या असतील तर त्या जेल लावायच्या आधीच उरका.