गोवा मुक्तिसंग्रामावरचे प्रश्न काढताना

वसाहतवादविरोधी चळवळींवर सरावप्रश्न काढायला बसलात की आधी मुलं हमखास घसरतात अशी एक जागा निवडा. माझ्या अनुभवात ती जागा म्हणजे गोवा. 'भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला तरी गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिला. सकारण स्पष्ट करा.' एवढं विचारलं की लोहियांची मडगावची सभा, दादरा-नगर हवेली, सत्याग्रह, लष्करी कारवाई असा सगळा क्रम उत्तरपत्रिकेत उतरतो. माहिती बरोबर असते, पण ते 'गोवा कसा मुक्त झाला' याचं उत्तर असतं. उशीर का झाला, हे राहूनच जातं.

म्हणून प्रश्न पक्का करण्याआधी नमुना उत्तर स्वतः हाताने लिहून काढा. तीन गुणांसाठी तीन कारणं पुरतात. मी असं लिहितो: 'पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती आणि १९५१ च्या घटनादुरुस्तीने वसाहतींना सागरापारचे प्रांत ठरवण्यात आले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे सांगून त्या सरकारने सत्तांतराची बोलणी नाकारली. दुसरे म्हणजे गोव्यात सभा-भाषणाचे स्वातंत्र्य नव्हते आणि टी. बी. कुन्हांसारख्या नेत्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवले गेले, त्यामुळे आतून उघड चळवळ उभारणे कठीण होते. तिसरे म्हणजे भारत सरकारने दीर्घकाळ शांततेच्या मार्गाचाच आग्रह धरला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तरी लगेच सैन्य पाठवले नाही. ते डिसेंबर १९६१ मध्ये पाठवल्यावर १९ तारखेला गोवा मुक्त झाला.'

आता गुण कुठे द्यायचे ते समासात लिहा. प्रत्येक कारणाला एक गुण, पण त्यातलं 'त्यामुळे' दिसलं तरच. नुसतं '१९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली' एवढ्यावर गुण देऊ नका, कारण त्या दुरुस्तीने बोलण्यांची वाट कशी बंद झाली हे मुलाला कळलंय की नाही ते त्यातून समजत नाही. सर्वांत जास्त गफलत तिसऱ्या कारणात होते. १९५५ चा गोळीबार मुलं उशिराचं कारण म्हणून लिहितात, तो तर भारताचं शांततेचं धोरण किती ताठ होतं याचा पुरावा आहे. हा फरक वर्गात एकदा फळ्यावर मांडावाच लागतो.

लोहियांची १८ जून १९४६ ची सभा वाया घालवू नका, तिच्यावर वेगळी टीप विचारा. तिथे क्रम हवाच असतो: सभाबंदी मोडून मडगावात भाषण, अटक, आणि नागरी स्वातंत्र्याची मागणी गोवाभर पोहोचणं.

शेवटी प्रश्न झाकून नुसतं उत्तर एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि प्रश्न काय असेल ते विचारा. 'गोवा मुक्तिसंग्रामाची माहिती लिहा' असं ते म्हणाले, तर उत्तर पुन्हा लिहायला घ्या.