गोलूच्या पायऱ्या डुगडुगायच्या, त्याचं निघालेलं कारण

चेन्नईला सासरी आल्यावर गोलू, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायचं काम, माझ्याकडे आला. पायऱ्या विषमच हव्यात, म्हणून पाच. पत्र्याच्या ट्रंकांवर फळ्या टाकून मांडणी केली आणि दुसऱ्याच दिवशी दशावतारातला वामन तोंडावर पडला. मातीची बाहुली, हात गेला.

आधी वाटलं, फळी हलते. ती हलत होतीच. ट्रंकेच्या झाकणाला मधे फुगवटा असतो. दोन्ही कडांखाली घडी केलेलं गोणपाट सारून फळी दाबून पाहिली, डुगडुग थांबली.

पण खरा दोष कापडाचा होता. पायरी २५ सेंटिमीटर खोल, २० उंच. म्हणजे एका पायरीला ४५, पाचांना सव्वादोन मीटर कापड लागतं. मी वरून खाली ताणून बसवलं होतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यांत ते अधांतरी राहिलं. मागे सरकवलेल्या बाहुलीखाली पोकळीच! त्यात साटिन, म्हणजे घसरगुंडी.

आता सासऱ्यांची आठ हात लांबीची सुती वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, वापरते. वरच्या पायरीपासून सुरुवात करून प्रत्येक कोपऱ्यात पट्टीने कापड आत दाबायचं, टाचण्या लावायच्या, मगच खालची पायरी.

मांडणीत सासूबाईंचा एकच हट्ट: "दशावतार तोडायचे नाहीत, अम्मा." मत्स्य ते कल्की एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे. वर कलश आणि मरपाच्ची, म्हणजे लाकडी बाहुल्यांची जोडी, तळाला चेट्टियारचं वाणसामानाचं दुकान. क्रिकेटचा संघ मी यंदा काढूनच टाकला.