फोटोत नवे केस बसवताना कडेला पांढरी रेघ? या चुका टाळा

खानापूरकडच्या एका घरचा साखरपुड्याचा फोटो होता. मुलीची वेणी घट्ट, मागे गडद मरून पडदा. घरच्यांना मोकळे केस हवे होते, आणि तिचाच मोकळ्या केसांचा फोटो घरात क्रीम रंगाच्या भिंतीपुढे काढलेला होता. मी Photoshop मध्ये तेवढे केस उचलून बसवले आणि प्रिंट दाखवली. तिची आई लगेच म्हणाली, "काय वो दादा, केसाभोवती चुना लावलाय की!" खरंच, कपाळापासून खांद्यापर्यंत प्रत्येक भुरभुरत्या केसाला फिकट कड होती.

आपण अशा वेळी मास्क आणखी आत सरकवतो किंवा कडेला Feather देतो. मीही तेच केलं. रेघ कमी झाली, पण बारीक केसही गेले आणि डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं दिसू लागलं.

दोष मास्कच्या जागेत नसतो, कडेच्या पिक्सेलच्या रंगात असतो. केस पिक्सेलपेक्षाही बारीक असला की त्या पिक्सेलमध्ये अर्धा केस आणि अर्धी भिंत मिसळते. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा धरा. भिंत 220, केस 40, तर मिसळलेला पिक्सेल 130 येतो. मास्कने तो अर्धा पारदर्शक केला आणि मागे 30 चा पडदा ठेवला, की दिसतो 80. केस 40 चा आणि पडदा 30 चा असताना तिथे 35 दिसायला हवा होता. हा वरचा उजेड म्हणजे सोबत आलेली भिंत. आईला दिसलेला चुना तोच.

मग मास्क कसा, रंग कसा

मास्कसाठी Channels मध्ये जाऊन केस आणि भिंत यांतला फरक सर्वात जास्त दिसतो तो चॅनेल निवडा आणि त्याची प्रत काढा. Ctrl+I ने उलटा केला की केस पांढरे होतात. Levels ने भिंत काळी करत न्या, पण एकाच फटक्यात पूर्ण काळी करू नका. तसं केलं की बारीक केस तुटक-तुटक होतात, मुंग्यांची रांग दिसावी तसे. उरलेला करडेपणा Overlay मोडमधल्या काळ्या ब्रशने घालवा. तो ब्रश गडद भाग आणखी गडद करतो, पांढऱ्या केसाला जवळजवळ हात लावत नाही. चेहरा आणि कपडे साध्या काळ्या ब्रशने पुसून टाका.

ही प्रत केसांच्या लेयरला मास्क म्हणून लावली की त्या लेयरवर नवा लेयर घ्या आणि Ctrl+Alt+G दाबून तो खालच्याला क्लिप करा. Alt धरून कडेपासून थोडं आतल्या केसाचा रंग उचला आणि फिकट कडेवरून मऊ ब्रश फिरवा. पारदर्शकता मास्कच ठरवतो, आपण फक्त भिंतीचा रंग काढून केसाचा रंग भरतो. एकच रंग सगळीकडे फासू नका. कानाजवळ केस काळेभोर असतात, उजेडाच्या बाजूला तपकिरी. Select and Mask मधलं Decontaminate Colors हेच काम आपोआप करतं, पण दाट गुंत्यात कधीकधी रंग पसरवतं, म्हणून मी ते फक्त घाईत वापरतो.

जुने केस तसेच ठेवू नका

ही चूक हमखास होते. नव्या केसांबाहेर वेणीचे जुने भुरभुरते केस पडद्यावर दिसत राहतात आणि डोक्याला दोन कडा येतात. नवे केस आणण्याआधीच Clone Stamp ने पडदा साफ करून घ्या.

प्रत्येक केस वाचवण्याचा हट्ट सोडा

गडद पडद्यासमोर काळा केस मुळात दिसतो तरी किती? ज्याच्यावर उजेड पडतो तेवढाच. म्हणून मी टोकाचे विरळ केस मास्कमधून काढून टाकतो आणि पेन टॅबलेटवर दोन पिक्सेलच्या ब्रशने आठ-दहा केस हाताने काढतो. केस मुळापासून ओढायचा आणि टोकाकडे दाब कमी करायचा, म्हणजे टोक निमुळतं होतं. सगळे एकाच लांबीचे आणि एकाच वळणाचे काढले तर झाडूच्या हिरांसारखे दिसतील. मागचा पडदा फिकट असेल तर मात्र हा खटाटोप नको. अशा वेळी कडेच्या केसांचा तुकडा Multiply वर ठेवा, भिंत Levels ने पांढरी केली की ती नाहीशी होते.

शेवटी 100% वर पाहा. हाताने काढलेला केस मूळ फोटोपेक्षा जास्त धारदार दिसला तर त्याला जरासा Gaussian Blur आणि फोटोइतकाच Noise द्या.

आणि मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून साधा आला असेल तर आधी "Document म्हणून पाठवा" असं सांगा. दाबून लहान झालेल्या फोटोत केसांच्या कडेला चौकोनी ठोकळे येतात, त्यातून एकही केस नीट सुटत नाही.