मूळ न वाचलेल्या माणसाला सारांश वाचायला देताना

कायद्यांची सोपी पत्रकं लिहिण्याच्या कामाला लागले, तेव्हा माहिती अधिकार कायदा २००५ मधला अर्ज आणि अपिलाचा भाग मी एका पानात आणला होता. सहकाऱ्यांनी वाचला, छान म्हणाले. पण त्या सगळ्यांना कायदा पाठ होता. पानात जे नव्हतं, ते त्यांनी मनातून भरून घेतलं.

म्हणून शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी कधी असा अर्ज केला नव्हता. जाण्याआधी मूळ कायद्यातले चार मुद्दे वहीत लिहिले: अर्ज कुणाकडे, उत्तर किती दिवसांत, अपील कधी, अपील कुणाकडे. काकूंनी पान वाचलं. "समजलं का?" असं मुद्दामच विचारलं नाही, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. विचारलं, "काकू, उत्तर आलं नाही तर तुम्ही काय कराल?"

माझं वाक्य होतं: '३० दिवसांत माहिती न मिळाल्यास प्रथम अपील करता येते, त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे.' काकू म्हणाल्या, "म्हणजे तीस दिवसांच्या आत सगळं उरकायचं, अपीलसुद्धा. पण कोर्टाची पायरी नको गं बाई."

दोन्ही चुका माझ्या होत्या. दोन ठिकाणचे ३० दिवस त्यांना एकच वाटले, कारण मोजायचं कुठून हे मी गाळलं होतं. आणि कोर्ट तर पानावर नव्हतंच, ते 'अपील' या शब्दाबरोबर आलं. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं.

अशा वेळी जीभ फार शिवशिवते. समजावून सांगू नका. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, मग पान पुन्हा हातात देऊन "हे कुठे दिसलं?" एवढंच विचारा. बरोबर ओळीवर बोट ठेवून या वेळी अर्थही बरोबर सांगितला, तर फक्त आठवणीतून निसटलं होतं. काकूंनी माझ्या त्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा तोच अर्थ सांगितला. म्हणजे वाक्यच बदलायला हवं होतं.

नवीन मजकूर असा झाला: 'अर्ज १ जूनला कार्यालयात पोहोचला, तर १ जुलैपर्यंत वाट पाहा. उत्तर आलं नाही, तर ३१ जुलैपर्यंत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा. हे कोर्ट नाही.' दोन ओळी वाढल्या, वाढू दिल्या.

हा खर्डा काकूंना पुन्हा देऊन उपयोग नव्हता, त्यांना आता विषय माहीत झाला होता. दरवेळी नवा माणूस लागतो. मी तो गल्लीतल्या शिंपीकाकांना दिला. त्यांनी तारखा बोटांवर मोजून बरोबर सांगितल्या.

एक गोष्ट मात्र दोघांनाही सापडणं शक्य नव्हतं. प्रतींचं शुल्क भरायचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० मध्ये धरत नाहीत, हे मी पूर्ण गाळलं होतं. ते कायदा वाचलेल्या सहकाऱ्यानेच दाखवलं, तेही मूळ कलम शेजारी ठेवून तपासल्यावर.