फळ्याच्या फोटोवरून टिपण उतरवताना आधी ओळीचा चढ बघा

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्गातली बरीच मुलं आईबापांसोबत वावरात जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात काही शिक्षक अशा मुलांसाठी तास संपताना फळ्याचा फोटो काढून पाठवतात. त्या फोटोवरून टिपण टंकायचं, त्याच्या प्रती काढायच्या आणि गावात पोचवायच्या, हे काम मी करतो. यंदा काही नवी मुलंमुली या कामाला येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या बऱ्याच शाळांत फळा म्हणजे सिमेंटच्या भिंतीवर काळा रंग मारलेला चौकोन. रंग तेलाचा असेल तर तो चकाकतो, आणि जुना झाला की खडूची भुकटी त्याच्या खडबडीत पृष्ठभागात मुरते. वरून डस्टरही भुकटीने भरलेलं असतं. मग पुसलेलं अक्षर पूर्ण जात नाही, नुसतं पसरतं. त्यामुळे फोटोत आजचं लिखाण आणि मागच्या तासाचं पुसट लिखाण एकमेकांवर दिसतं, खिडकीसमोरचा भाग पांढरा फटक होतो आणि ओळी डावीकडून उजवीकडे वर चढत जातात.

नवीन माणूस बहुधा सगळ्यात आधी फोटो उजळवायला बसतो, किंवा कागद स्कॅन करायच्या अ‍ॅपचा काळापांढरा फिल्टर लावतो. तो फिल्टर पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांसाठी बनवलेला असतो. फळ्यावर तो लावला की पुसट खुणाही आजच्या अक्षरांइतक्या ठळक होतात, आणि जिथे सरांचा हात हलका पडला असेल ती रेघ नाहीशी होते. म्हणून मूळ फोटो तसाच ठेवा आणि जे काही करायचं ते त्याच्या प्रतीवर करा. फोटो मागवतानाही व्हॉट्सअ‍ॅपवर `Document` म्हणून मागवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, आणि जुनं-नवं ओळखायला लागणारा खडूचा कण त्यातच जातो.

मी सुरुवात ओळीच्या चढापासून करतो. ओळ दोन कारणांनी चढते. एक, फोन तिरका धरला किंवा बाजूला उभं राहून फोटो काढला. दोन, लिहिणाऱ्याचा हातच वर गेला. यातलं कोणतं, हे फळ्याच्या कडेवरून कळतं. फळ्याची खालची रंगाची कड ओळीइतकीच तिरपी असेल तर दोष फोनचा आहे. चारही कोपरे फोटोत असतील तर चित्र सरळ करून घ्या. फोटो सुधारायच्या जीआयएमपी या प्रोग्राममध्ये त्यासाठी `Perspective` नावाचं साधन आहे. कड आडवी आणि ओळी चढलेल्या असतील तर चढ हाताचा आहे, आणि तो मुळीच सरळ करू नका. तो पुढे उपयोगी पडतो.

हाताचा चढ कसा येतो ते एकदा वर्गात उभं राहून बघा. सर एका जागी उभे राहून लिहितात, हात लांब होत जातो तशी ओळ वर सरकते. मग ते एक पाऊल उजवीकडे टाकतात आणि ओळ पुन्हा थोडी खाली उतरून सुरू होते. म्हणजे ओळीत मध्येच एक पायरी दिसते. या पायरीपाशी वाचणारा हमखास वरच्या ओळीत शिरतो, कारण वरच्या ओळीचं टोक आणि खालच्या ओळीचा मधला भाग जवळ आलेले असतात. देवनागरीत शिरोरेषा असल्यामुळे आपलं काम सोपं होतं. पडद्यावर पारदर्शक पट्टी ठेवा किंवा प्रतीवर रंगीत रेघ ओढा आणि प्रत्येक ओळीची शिरोरेषा शेवटपर्यंत धरून जा. गणिताच्या ओळीत शिरोरेषा नसते, तिथे बरोबरच्या चिन्हांच्या खालच्या रेघेवरून आणि अंकांच्या पायावरून चढ धरायचा.

एकदा आजच्या ओळींचा चढ हाती आला की पुसट खुणा निवडणं बरंच सोपं होतं. मागच्या तासाचं लिखाण दुसऱ्या कुणाचं असतं किंवा दुसऱ्या जागेवरून सुरू झालेलं असतं, म्हणून ते आजच्या चढावर बसत नाही. ते ओळीला कापून जातं, नाहीतर दोन ओळींच्या मधे लटकतं. चढावर बसणारी खूण आजची असेलच असं नाही, पण चढावर न बसणाऱ्या खुणेवर आधी संशय घ्यायचा. मग मोठं करून बघायचं. ताज्या खडूची रेघ दाणेदार असते, मधेमधे तुटलेली, आणि सुरुवातीला-शेवटी जाड. पुसलेली रेघ गुळगुळीत आणि राखाडी असते, तिची कड डस्टर ज्या दिशेने फिरलं त्या दिशेने ओढली गेलेली असते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ताजी रेघ अखंड वरून जाते.

ठिपक्यांना मात्र ही कसोटी अपुरी पडते. अनुस्वार, दशांशचिन्ह, ‘द.सा.द.शे.’ मधले बिंदू आणि नुसता उडालेला खडूचा कण, सगळे सारखेच दिसतात. तिथे शब्दच मदतीला येतो, आणि शब्द दोन्ही बाजूंनी जमत असेल तर प्रश्नचिन्ह टाकायचं.

आता चकाकी. प्रतीवर सगळ्यात उजळ भाग हळूहळू खाली ओढून बघा. जीआयएमपीत `Colors > Curves` मध्ये रेघेचं वरचं उजवं टोक खाली घ्यायचं. त्या पांढऱ्या डागात खडूचा आकार उमटू लागला तर वाचता येईल. डाग नुसता एकसारखा राखाडी झाला, कणही दिसला नाही, तर कॅमेऱ्याने तिथे काही टिपलेलंच नाही आणि कितीही खटपट केली तरी ते अक्षर येणार नाही. खिडकीला गज असतील तर एक गोष्ट जरूर बघा. चकचकीत फळ्यावर गजांचं प्रतिबिंब काळपट पट्ट्यांसारखं पडतं आणि त्या पट्ट्यांत अक्षराचा तुकडा वाचता येतो. आठच्या अंकाचा डावा उतार किंवा दोनच्या अंकाचं शेपूट एवढंही पुरतं कधीकधी.

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका फोटोवरून सांगतो. आठवीचा चक्रवाढ व्याजाचा तास होता. उदाहरण असं: एका शेतकऱ्याने ८००० रुपये द.सा.द.शे. ५ दराने २ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर चक्रवाढ व्याज किती. फळ्याची कड आडवी होती, ओळी चढत होत्या, म्हणजे चढ हाताचा.

सूत्राच्या ओळीत कंसावरचा घातांक ३ सारखा दिसत होता. मोठं केल्यावर वरचा भाग आणि शेपूट दाणेदार निघाले, आणि खालचा पोटाकडचा बाक गुळगुळीत आणि राखाडी. देवनागरी २ आणि ३ यांचा वरचा भाग सारखाच असल्याने पुसलेल्या ३ वर नवा २ लिहिला की असा घोळ होतो. पुढच्या ओळीत २१/२० दोनदा ठळक होतं आणि तिसऱ्यांदा अंधूक. पहिले दोन चढावर होते. तिसरं बोटभर खाली, आडव्या रेषेत. ते मागच्या उदाहरणाचं उरलेलं, म्हणून मी सोडलं. हिशेबही तेच सांगत होता: ८००० ला दोनदा २१/२० ने गुणलं की ८८२० येतात, तीनदा गुणलं तर ९२६१, आणि उत्तराचे पहिले दोन अंक ८८ असे स्पष्ट होते.

उत्तरातला तिसरा अंक मात्र पूर्ण चकाकीत होता. उजळपणा खाली ओढला तर सपाट राखाडी डाग. इथे हात शिवशिवतो. हिशेबाने तिथे २ यायला हवा, मग लिहून टाकावा असं वाटतं. पण खालची ओळ वाचा: ‘व्याज = रास − मुद्दल = ८८० रु.’ आणि हे ८८० अगदी ताजं, दाणेदार, चढावर बसलेलं होतं. बरोबर उत्तर ८२० आहे. याचे दोन अर्थ निघतात. सरांनी वर ८८२० लिहिलं आणि वजाबाकीत चुकले, किंवा गुणाकारातच चुकून ८८८० लिहिलं आणि वजाबाकी त्याच्याशी जुळणारी केली. फोटोवरून हे ठरत नाही. म्हणून टिपणाचा कच्चा मजकूर असा गेला:

```
A = ८००० × (१ + ५/१००)^२
  = ८००० × २१/२० × २१/२०
  = ८८[?]० रु.
व्याज = रास − मुद्दल = ८८० रु.
[?] : चकाकीत, एक अंक. हिशेबाने २.
शेवटची ओळ फळ्यावर ८८० अशीच आहे.
```

दोन उत्तरांचा मेळ का बसत नाही हे शिक्षकांना यातून एका नजरेत दिसतं. मी तिथे गुपचूप २ भरला असता तर टिपणात चूक वजाबाकीची दिसली असती, आणि वर्गात बसलेल्या मुलांच्या वहीत मात्र वेगळाच आकडा. हिशेब दोन वाचनांतून एक निवडायला वापरावा. जिथे काहीच दिसत नाही तिथे हिशेबाचा आकडा खाली टिपेत लिहावा, मजकुरात नाही.

मग वर्गातल्या एका मुलीच्या घरून दुसरा फोटो मागवला. तो दाराकडच्या बाकावरून काढलेला होता. कोन बदलला की चकाकी सरकते, त्यामुळे तिच्या फोटोत डाग पार दुसरीकडे, ‘उदा.’ शब्दावर गेला होता आणि तो अंक उघडा पडला. तो ८ होता. खालचा-वरचा दोन्ही भाग दाणेदार, पायही ओळीच्या चढावर. म्हणजे फळ्यावर ८८८० होतं. सरांना फोन लावला तर म्हणाले, “बरोबर धरलं जी तुम्ही. गुणाकारातच चुकलं माझं. मुलांना दुरुस्त करून धाडा, उद्या वर्गातही सांगतो.” मुलांकडे गेलेल्या प्रतीत ८८२० आणि ८२० छापले, खाली ‘फळ्यावर ८८८० व ८८० होते, शिक्षकांनी दुरुस्त केले’ एवढी ओळ जोडली.

शिक्षकांना सांगून ठेवण्यासारखी गोष्ट एकच: फोटो दोन काढा, एक दाराकडून आणि एक खिडकीकडून, दोन्हींत फळ्याचे चारही कोपरे येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. समोर उभं राहून फ्लॅश मारला की तेलरंगावर मधोमध आणखी एक डाग पडतो. पुसट खुणा फोटोच्या वेळी जात नाहीत, त्यांच्यासाठी तास सुरू होण्याआधी ओलं फडकं फिरवून फळा पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओल्यावर लिहिलं तर खडू उमटत नाही, आणि वाळल्यावर फडक्याच्या पांढुरक्या लाटा उरल्याच तर त्या रुंद आणि एकसारख्या असतात, अक्षराशी त्यांची गल्लत होत नाही.